स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी आणि अंतर्गत गुण: फरक पडला की नाही, हे कसं ओळखायचं?

शाईपेन

नमस्कार मंडळी. सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी व्यावसायिक नीतिमत्तेवर निबंध लिहायचा आहे. विषय खासगी शिकवणी आणि पक्षपात. आम्हाला एक काल्पनिक प्रसंग दिलाय तो असा:

पुण्यात कर्वेनगर भागातली अनुदानित माध्यमिक शाळा, नववीची एक तुकडी, पट ४६. गणिताचे शिक्षक शिक्षणसेवक आहेत, मानधन महिना १८,००० रुपये. याच तुकडीतली १२ मुलं संध्याकाळी त्यांच्या घरी शिकवणीला येतात, प्रत्येकी १,५०० रुपये. सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका तेच काढतात, उत्तरपत्रिका तेच तपासतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही तेच देतात. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तोंडी तक्रार केली की "शिकवणीच्या मुलांना २० पैकी १८-१९ आणि माझ्या मुलीला १४." सरांचं म्हणणं, "शिकवणीची मुलं गृहपाठ करतात म्हणून गुण मिळतात, मी कुणाला झुकतं माप देत नाही."

मी पहिला खर्डा लिहिला तेव्हा "कायद्याने बंदी आहे म्हणून चूक" एवढ्यावरच गाडी थांबली. ते एका वाक्यात संपतं. मला दोन गोष्टी हव्यात. नुकसान नेमकं कुणाचं आणि कोणत्या वाटेने होतं? आणि सर खरं बोलताहेत की नाही, हे मुख्याध्यापक कागदावर तपासू शकतात का?

कोथरूडकर_पालक

यात तपासायचं काय? शिक्षण हक्क कायद्यात सरळ लिहिलंय, शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. हा गुन्हा आहे. पोलिसात तक्रार द्या, दोन दिवसांत शिकवणी बंद होईल. माझ्या मुलाच्या शाळेतही हेच चालू आहे. त्याला विज्ञानात प्रात्यक्षिकाचे गुण कमी दिलेत. ते वाढवून घ्यायला अर्ज कुणाकडे करायचा, ते जाणकारांनी सांगावं.

टिळकरोड_वकिली

कोथरूडकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. २००९ च्या कायद्याचं कलम २८ खरंच तेवढं स्पष्ट आहे. पण पोलीस त्यात येत नाहीत. त्या कलमाला तुरुंग किंवा दंड जोडलेला नाही. शिक्षक चुकला तर त्याच्यावर कारवाई होते ती सेवानियमांखालची शिस्तभंगाची. खासगी व्यवस्थापनाच्या शाळेत, अनुदानित धरून, १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागते. म्हणजे कारणे दाखवा नोटीस, गरज पडली तर चौकशी समिती, आणि बडतर्फी किंवा पदावनतीसारखी शिक्षा झाली तर शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वेगळे वर्तणूक नियम आहेत. ठाण्यात गेलात तर ते तुम्हाला परत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतील, आणि तोवर शाळा सावध झालेली असेल.

दुसरी अडचण अशी की हा कायदा मुळात पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा आहे. प्रसंगातली तुकडी नववीची आहे. सर पाचवी ते आठवीच्याही तासिका घेत असतील तर कलम २८ त्यांना लागू होतं असं म्हणायला भक्कम आधार आहे. फक्त नववी-दहावीच शिकवत असतील तर वाद सेवानियमांवर आणि संस्थेच्या नियुक्तीपत्रातल्या अटींवर येतो. म्हणून निबंधात "कायद्याने बंदी" असं सरसकट लिहू नका.

तुमच्या मुलाच्या गुणांबद्दल: तो आठवीपर्यंत असेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. नववी-दहावीत असेल तर आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. अर्जात "गुण वाढवा" असं लिहू नका. "प्रयोगवही आणि गुणांची नोंद दाखवावी" असं लिहा. कागद मागितलात तर काहीतरी हाती लागतं.

तासिका_तत्त्व

मी दुसरी बाजू मांडतो, कारण अशा धाग्यांवर ती येतच नाही. १८,००० हे शिक्षणसेवकाचं माध्यमिकचं मानधन, तेही २०२३ मध्ये वाढल्यावरचं. त्याआधी ८,००० होतं. पुण्यात एका खोलीचं भाडं भरून यात तीन वर्षं काढायची. विनाअनुदानित शाळेत आणि तासिका तत्त्वावर तर याहून कमी पदरात पडतं. जो पगार देत नाही तो नीतिमत्ता कुठल्या तोंडाने मागतो?

आणि शिकवणी म्हणजे फसवणूक नाही. संध्याकाळी दीड तास जास्तीचं शिकवलं, त्याचे पैसे घेतले. पालक स्वतः हात जोडून येतात, "सर, आमच्याकडे घ्या ना." नाही म्हटलं तरी तीच मुलं कोपऱ्यावरच्या क्लासला जातातच.

निवृत्त_पर्यवेक्षक

तासिका_तत्त्व यांनी मानधनाबद्दल लिहिलंय ते खरं आहे आणि निबंधात यायलाच हवं. प्रसंगातलं एक गणित करून बघा: १२ मुलं गुणिले १,५०० म्हणजे १८,०००. त्या सरांचं निम्मं उत्पन्न शाळेकडून येतं आणि निम्मं त्यांच्याच वर्गातल्या १२ घरांकडून. त्यांच्या मनात काय आहे हे बाजूला ठेवा. ज्या मुलांना ते गुण देतात, त्यातल्या एका गटाने पुढच्या महिन्यात येणं थांबवलं तर त्यांचं घर अडतं. दुसऱ्या गटाकडून त्यांना काहीच येणं नाही. खोट इथे आहे. माणूस सज्जन असला तरी ही रचना त्याला एका बाजूला खेचत राहते.

"दुसऱ्या शाळेतल्या मुलाला शिकवणं" आणि "स्वतः ज्याचे गुण देतो त्याला पैसे घेऊन शिकवणं" यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, हिने शाळाशिक्षकांसाठी मांडलेल्या आचारसंहितेतही बोट नेमकं इथेच ठेवलंय: स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून शिकवणीचे पैसे घेऊ नयेत, मंजूर योजनेखालचं उपचारात्मक अध्यापन सोडून.

आणखी एक कलम निबंधात घ्या, ते सहसा कुणी वाचत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४. शिक्षकाच्या कर्तव्यांत तिथे असं आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तसं जादा मार्गदर्शन द्यायचं. म्हणजे मागे पडलेल्या मुलाला पुन्हा शिकवणं हे पगारातच धरलेलं काम आहे. वर्गात "हे तुला जमत नाही" असं सांगून संध्याकाळी तेच पैसे घेऊन शिकवलं, तर जे आधीच देणं होतं तेच विकलं. कलम आठवीपर्यंतचं असलं तरी त्यातला विचार नववीलाही लागू पडतो.

आता तपासणीचं. नुकसान तीन वाटांनी होतं आणि प्रत्येक वाटेचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो. वर्गात शिकवण्यात हात आखडता घेणं, प्रश्नपत्रिका फुटणं आणि गुण देण्यात झुकणं. लोक तिन्ही एकत्र करून आरडाओरड करतात, म्हणून एकही सिद्ध होत नाही. तक्रार गुणांची आहे, तर आधी गुणच घेऊ.

शाईपेन, तुम्ही निबंधात स्वतः आकडे धरून दाखवा. मी असे धरतो.

सगळ्या १२ मुलांची सरासरी आणि उरलेल्या ३४ ची सरासरी काढून तुलना करू नका. शिकवणीला जाणारी मुलं मुळात वेगळ्या घरांतली असू शकतात. लेखी ८० पैकी ४५ ते ५५ गुण असलेली मुलंच घ्या, म्हणजे तयारी साधारण सारखी. त्यात शिकवणीची पाच मुलं सापडली, त्यांचे अंतर्गत गुण १८, १९, १८, १९, १८. सरासरी १८.४. त्याच पट्ट्यातली शिकवणीला न जाणारी पाच मुलं घेतली, त्यांचे १५, १४, १६, १५, १५. सरासरी १५. फरक ३.४ गुणांचा.

इथे थांबलात तर सर म्हणतील तेच खरं असू शकतं. शिकवणीत गृहपाठ होतो, वही पूर्ण असते, गुण जास्त. म्हणून पुढची पायरी. त्या दहाही मुलांच्या गृहपाठाच्या आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या मागवायच्या. वर्तमानपत्राचं कव्हर घालून नाव झाकायचं, त्यावर १ ते १० आकडे मिसळून टाकायचे. कोणता आकडा कुणाचा ती यादी पर्यवेक्षकाकडे बंद पाकिटात. आतल्या पानांवर सरांनी लाल शाईत दिलेले गुण आणि शेरे असतील तर त्यांवर कागदी पट्टी चिकटवायची, हे विसरलं जातं आणि मग सगळी मेहनत वाया जाते. मग दुसऱ्या तुकडीच्या गणिताच्या शिक्षकाने, ज्याला ही अक्षरं ओळखीची नाहीत, त्याच निकषांवर पुन्हा गुण द्यायचे.

धरा की निकाल असा आला: शिकवणीच्या पाच वह्या १७, १६, १७, १७, १६, म्हणजे सरासरी १६.६. बाकीच्या पाच १५, १५, १६, १५, १५, म्हणजे १५.२. फरक ३.४ वरून १.४ वर आला. याचा अर्थ सरांचं थोडं खरं आहे, त्या मुलांच्या वह्या खरंच सरस आहेत. पण उरलेले दोन गुण वहीत कुठेच नाहीत. ते कुठून आले याचं उत्तर सरांनी द्यायचं.

मोजपट्टी

पर्यवेक्षक काका, पद्धत आवडली. पण पाच-पाच वह्यांवर एवढा मोठा निष्कर्ष काढू नये असं माझं मत. एकाच वहीला तीन गुण इकडचे तिकडे झाले की पाचांच्या सरासरीत ०.६ चा फरक पडतो. आणि दुसरा तपासणारा मुळातच हात राखून देणारा असेल तर?

निवृत्त_पर्यवेक्षक

दुसरा कडक असेल तर तो दोन्ही गटांना कडक असेल. म्हणून कुणाला किती गुण पडले यापेक्षा दोन गटांतलं अंतर बघायचं. वरच्या आकड्यांत बघा, शिकवणी नसलेल्यांची सरासरी १५ वरून १५.२ झाली, जवळपास हललीच नाही. म्हणजे दोघांचे हात सारखेच आहेत. शिकवणीच्या गटाची मात्र १८.४ वरून १६.६ झाली. फक्त एकच गट खाली येतो तेव्हा कान टवकारायचे.

पाच वह्या कमी आहेत हे मान्य. जमत असेल तर शिकवणीच्या सगळ्या १२ वह्या आणि लेखी गुण जुळणाऱ्या दुसऱ्या १२ घ्याव्यात. एका वहीला आठ-दहा मिनिटं धरली तर २४ वह्यांना चार तास पुरतात. शनिवारी शाळा सुटल्यावर हे काम होतं. आणि यातून शिक्षा ठरवायची नाही. चौकशी करावी की नाही, तेवढंच यातून ठरतं.

गणिताची_वही

माझ्या मते खरा प्रश्न कोचिंग क्लासेसचा आहे, शाळेच्या शिक्षकांचा नाहीच. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये म्हणून. पुण्यात कॉलेजं आणि क्लासेस हातात हात घालून चालतात, अकरावीची मुलं कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकाला दिसतात. त्यावर कुणी बोलत नाही आणि घरात १२ मुलं शिकवणाऱ्या गरिबाच्या मागे लागायचं.

टिळकरोड_वकिली

तो विषय मोठा आहे, पण या धाग्याचा नाही. त्या सूचना ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, आणि क्लासचालक मुलांचे शाळेतले गुण देत नाही. इथे पैसे घेणारा आणि गुण देणारा एकच माणूस आहे, हा या प्रसंगाचा गाभा. कॉलेज-क्लासच्या साटेलोट्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

शाईपेन

काका, खूप उपयोग झाला. प्रश्नपत्रिकेची वाट कशी तपासायची? सर कुणाला पेपर देत नसतील, पण शिकवणीत "हे नक्की करा" म्हणाले तरी पुरतं ना?

निवृत्त_पर्यवेक्षक

बरोबर ओळखलंत. पेपर कुणी हातात ठेवत नाही. होतं ते असं: परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात शिकवणीत सराव घेतला जातो आणि पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात तीच उदाहरणं घोळत असतात. कधी जाणूनबुजून, कधी नकळत, एखादं उदाहरण दोन्हीकडे जातं.

हे एकूण गुणांत दिसत नाही, प्रश्नाप्रश्नांत दिसतं. उत्तरपत्रिका घेऊन फक्त अवघड प्रश्नांचा तक्ता करायचा. समजा नववीच्या पेपरात दोन अवघड प्रश्न आहेत. एक दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचं शाब्दिक उदाहरण, पाठ्यपुस्तकात नसलेल्या घडणीचं. दुसरा त्रिकोणाच्या प्रकरणातली सिद्धता. सिद्धता शिकवणीच्या १२ पैकी ४ मुलांना आली आणि बाकीच्या ३४ पैकी ११ जणांना. दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश. म्हणजे दोन गटांची ताकद सारखी. पण शाब्दिक उदाहरण १२ पैकी १० जणांनी सोडवलं आणि ३४ पैकी फक्त ५ जणांनी. मुलं तीच, त्यांना एकच अवघड प्रश्न एवढा सोपा का गेला? मग शिकवणीच्या मुलाची सरावाची वही बघायची. तिथे तेच उदाहरण त्याच आकड्यांसह, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातल्या तारखेखाली सापडलं, तर संशयाला जागा राहत नाही. फक्त त्याच प्रकारचं उदाहरण सापडलं तर ते चांगल्या सरावाचं फळही असू शकतं, आणि तसं लिहावं लागेल.

मुलाकडून वही मागताना जपा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोलावून "सरांनी काय सांगितलं ते सांग" असं नववीच्या मुलाला विचारू नका. त्याला सरांच्याच वर्गात परत बसायचं असतं. वही पालकांमार्फत मागावी.

तिसरी वाट, वर्गातला हात आखडता घेणं. तिचा पुरावा सगळ्यात कच्चा. टाचण वहीत प्रत्येक प्रकरणाला किती तासिका दिल्या ते असतं, पण टाचण घरी बसूनही पूर्ण करता येतं. वर्गातल्या तीन-चार वेगवेगळ्या मुलांच्या वह्या शेजारी ठेवून कोणत्या प्रकरणाची किती उदाहरणं फळ्यावर सोडवून घेतली ते मोजता येतं, एवढंच. यावर आरोप उभा करू नये असं माझं मत.

अक्षरओळख

मी भाषेची शिक्षिका आहे. गणितात निदान वही असते. तोंडी परीक्षेचं काय? तिथे मागे काहीच उरत नाही.

पक्षपात पैशांमुळेच होतो असंही नाही. तोंडी परीक्षा खऱ्या अर्थाने घ्यायची तर एका मुलाला तीन मिनिटं लागतात. ४६ मुलांना १३८ मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या चार तासिका. त्या चार तासिका वेळापत्रकात कुणी काढून देत नाही. मग एका तासिकेत ४६ मुलं उरकली जातात, एकाला पाऊण मिनिट. पाऊण मिनिटात कुणाचं भाषण-संभाषण कळणार? शिक्षक मुलाबद्दल आधीपासून मनात असलेलं मत आकड्यात उतरवतो. स्नेहसंमेलनात निवेदन करणारी, पुढच्या बाकावरची, सहकारी शिक्षकांची मुलं वर जातात. मागे बसणारा, घरी वेगळी बोली बोलणारा, गप्प राहणारा खाली जातो. हे करणाऱ्या बाईंना विचारलंत तर त्या शपथेवर सांगतील की मी भेदभाव केला नाही, आणि त्या खोटंही बोलत नसतील.

यावर एकच गोष्ट उपयोगी पडते. गुणांच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे विचारलेला प्रश्न आणि उत्तराबद्दल चार शब्द, त्याच क्षणी लिहायचे. "उतारा ऐकून मुख्य मुद्दा सांगितला, कारण सांगता आलं नाही. ५ पैकी ३." हे लिहायला लागलं की हात आपोआप सावरतो, कारण "मुलगी चांगली आहे" असं त्या रकान्यात लिहिता येत नाही.

मोजपट्टी

अक्षरओळख, हा मुद्दा मोठा आहे. अंतर्गत गुणांवर किती अवलंबून असतं ते दहावीच्या निकालांत दिसलं होतं. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले होते. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. गुण परत आणल्यावर २०२० मध्ये ९५.३० झाला. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, सगळं शाळांच्या मूल्यमापनावर गेलं, तेव्हा ९९.९५.

निवृत्त_पर्यवेक्षक

आकडे बरोबर आहेत, पण निबंधात जपून वापरा. २०१९ ला दहावीचा नवा अभ्यासक्रम आणि नवा कृतिपत्रिकेचा बाज हेही होतं. २०२० मध्ये भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नाही. सगळी घसरण अंतर्गत गुणांच्या माथी मारता येणार नाही. आणि सगळ्यांना सढळ हाताने गुण देणं हा वेगळा दोष आहे, एकालाच जास्त देणं हा वेगळा. उलट सगळ्यांना १९ देणाऱ्या शाळेत पक्षपात शोधून सापडणार नाही.

तासिका_तत्त्व

मग मला एक सांगा. सरांनी सगळं उघड केलं तर? मुख्याध्यापकांना लेखी कळवलं की ही १२ मुलं माझ्याकडे येतात. पेपर दुसऱ्याने काढला, उत्तरपत्रिका अदलाबदल करून तपासल्या, अंतर्गत गुण दुसऱ्याने दिले. मग तरी काय अडचण? पोटाला चिमटा घेऊन गुपचूप करण्यापेक्षा हे बरं नाही का?

टिळकरोड_वकिली

आठवीपर्यंतच्या वर्गांवर शिकवत असाल तर उघड केल्याने बंदी उठत नाही. उलट तुम्ही स्वतःच्या सहीने कबुली दिलीत. पत्नीच्या नावावर शिकवणी दाखवणं तर त्याहून वाईट. चौकशी समितीसमोर पालक सांगतात की शिकवायला कोण असतं, आणि मग मूळ चुकीवर खोटेपणा चढतो.

निवृत्त_पर्यवेक्षक

कायदा बाजूला ठेवून नीतीचं बोलायचं तर तुमची सूचना प्रामाणिक आहे. पेपर आणि गुण दुसऱ्याकडे गेले की दोन वाटा बंद होतात. एक उरते, वर्गातलं शिकवणं. तिथे तुमच्याऐवजी दुसरा कुणी उभा राहू शकत नाही. आणि ३४ घरांना वाटणारी भीती उरते, की शिकवणी लावली नाही तर मुलीकडे दुर्लक्ष होईल. तुम्ही म्हणता पालक हात जोडून येतात. त्यातले किती जण शिकवण्यासाठी येतात आणि किती त्या भीतीने, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

माझं म्हणणं, शिकवणी घ्यायचीच वेळ आली आणि सेवेच्या अटी आड येत नसतील, तर निदान स्वतः शिकवत असलेल्या तुकडीतलं आणि शाळेतलं एकही मूल घेऊ नये. कर्वेनगरच्या शाळेतल्या शिक्षकाला वारज्यात दुसऱ्या शाळांची मुलं मिळतात. उत्पन्न थोडं कमी होईल.

तासिका_तत्त्व

थोडं नाही, बरंच कमी होईल. अनोळखी पालक शिक्षणसेवकाकडे मूल पाठवत नाहीत, नावाजलेल्या क्लासला पाठवतात. माझ्याकडे मुलं येतात ती मी वर्गात चांगलं शिकवतो हे त्यांनी पाहिलंय म्हणून. तुमचा मुद्दा पोचला, पण मला पूर्ण पटला असं म्हणणार नाही.

अक्षरओळख

शाळेने पैसे देऊन उपचारात्मक वर्ग चालवला तर? शाळेतच, सुटल्यावर, ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाला खुला, आणि शिक्षकाला मानधन संस्थेकडून किंवा पालक-शिक्षक संघाकडून. पालकाने सरांच्या हातात पैसे द्यायचेच नाहीत. मूल कोणतं निवडायचं हेही चाचणीतल्या गुणांवर ठरवायचं, कुणी मागितलं यावर नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक

आचारसंहितेत मंजूर उपचारात्मक अध्यापनाला सवलत आहे ती नेमकी यासाठीच. फक्त बघा, पालक-शिक्षक संघाने "ऐच्छिक" म्हणून घेतलेली रक्कम पुढे सक्तीची होते आणि गरीब घरचं मूल पुन्हा बाहेर राहतं. वर्ग सगळ्यांना फुकट असेल तरच त्याला अर्थ.

शाईपेन

खर्डा पुन्हा लिहायला घेतलाय. कायद्याचा परिच्छेद छोटा केला, वह्यांची तपासणी आणि शाब्दिक उदाहरणाचा तक्ता मध्यभागी ठेवला. तोंडी परीक्षेची चार तासिकांची गोष्टही घेणार आहे.

एका ठिकाणी अडले आहे. समजा वह्या पुन्हा तपासल्यावर दोन गुण जास्तीचे निघाले. मग त्या मुलांचे गुण कमी करायचे का? त्यांनी काही केलेलं नाही. आणि नाही केले तर तक्रार करणाऱ्या पालकांच्या मुलीला न्याय काय मिळाला?

मोजपट्टी

कमी करावेत. चुकीचा गुण तो चुकीचाच, कुणाच्याही बाजूने असो.

अक्षरओळख

मी नाही करणार. १४ वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रकावर खाडाखोड झाली की वर्गात तो "सरांचा मुलगा" म्हणून ओळखला जाईल. त्याची शिक्षा शिक्षकाला व्हावी.

निवृत्त_पर्यवेक्षक

निकालपत्रक अजून सही होऊन बाहेर पडलं नसेल तर सोपं आहे. नाव झाकून, सगळ्या ४६ वह्या दुसऱ्या शिक्षकाने तपासायच्या आणि तेच गुण सगळ्यांना लावायचे. मग कुणाचे कमी केले असं राहत नाही, सगळ्यांचे एकाच हाताने दिले असं होतं. निकाल जाहीर झाला असेल तर मी स्वतः पहिल्या सत्राचे गुण तसेच ठेवून दुसऱ्या सत्रापासून पेपर आणि तपासणी दोन्ही काढून घ्यायच्या बाजूचा आहे. तक्रार करणाऱ्या मुलीची वही मात्र तिच्या पालकांसमोर उघडून, निकष दाखवून, तिला १४ का किंवा १४ ऐवजी किती, हे त्यांना सांगायलाच हवं.

कोथरूडकर_पालक

लेखी अर्ज आज दिला, पोच घेतली. "प्रयोगवही आणि गुणांची नोंद दाखवावी" असंच लिहिलंय. लिपिक म्हणाले, अशी मागणी पहिल्यांदाच आली. उत्तर आलं की इथे कळवतो.

शाईपेन

नक्की कळवा. काका, शेवटचं एक. लहान शाळेत गणिताचे शिक्षक एकच असतात. मग नाव झाकलेल्या वह्या तपासायला कुणाकडे द्यायच्या?

निवृत्त_पर्यवेक्षक

शेजारच्या शाळेशी अदलाबदल करायची. त्यांच्या नववीच्या वह्या तुमच्याकडे, तुमच्या त्यांच्याकडे, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीच्या पत्रासह. पेपरच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापक संघाच्या सामायिक प्रश्नपत्रिका वापरतात, त्यामुळे तेवढी वाट तरी बंद होते. वह्या नेताना मोजून गठ्ठा बांधा आणि पोच घ्या. ४६ नेल्या आणि ४५ परत आल्या तर त्या एका मुलाचं वर्षभराचं काम गेलं.

अक्षरओळख

आणि निकष आधी लेखी ठरवून दोन्ही शाळांना द्या. "वही पूर्ण" म्हणजे सगळी उदाहरणं लिहिलेली, की सोडवलेली आणि तपासून दुरुस्त केलेली, यावर दोन शाळांत दोन मतं असतात. आमच्याकडे पहिल्या बैठकीत एवढ्यावरच अर्धा तास गेला होता.